दोन वर्षांचं कंत्राट, तीन आर्थिक वर्षं: सेवेचं उत्पन्न कधी आणि किती धरायचं

ऑक्टोबरात २४ लाखांचं बिल गेलं, पंधरा दिवसांत पैसेही बँकेत आले. मार्च संपल्यावर ऑडिटर येऊन सांगतो, यातले नऊ लाख अजून तुमचे उत्पन्न नाहीत, ते देणं म्हणून दाखवा. प्रोजेक्टचे हिशेब पहिल्यांदाच हाती आलेल्या माणसाला हे काही केल्या पटत नाही. बिल माझं, पैसे माझे, मग देणं कुणाचं? मलाही सुरुवातीला हाच प्रश्न पडला होता. बिलाची तारीख, पैशाची तारीख आणि उत्पन्न कमावल्याची तारीख या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हे एकदा पक्कं झालं की एंट्र्या सोप्या आहेत. अवघड आहे ते कामाची टक्केवारी काढणं, म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा त्यालाच दिली आहे.

शेवटपर्यंत एकच काल्पनिक उदाहरण घेऊ. पुण्यातली एक खासगी मर्यादित कंपनी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यासाठी ऊसनोंदणी, तोडणी-वाहतूक आणि शेतकऱ्यांच्या बिलांचं सॉफ्टवेअर करून देते आहे. मुदत १ ऑक्टोबर २०२३ ते ३० सप्टेंबर २०२५. किंमत जीएसटी सोडून ६० लाख रुपये. त्यातले ४० टक्के सहीच्या वेळी, ३५ टक्के मॉड्यूल कारखान्याने तपासून मंजूर केल्यावर आणि २५ टक्के काम ताब्यात दिल्यावर. सुरुवातीला खर्चाचा अंदाज ४५ लाख होता.

## हाताशी काय लागेल

- करारपत्र किंवा वर्क ऑर्डर, सगळ्या परिशिष्टांसह. पैसे कधी मिळणार आणि कंत्राट मधेच मोडलं तर काय, ही कलमं बहुधा परिशिष्टातच असतात.
- कोटेशन देताना केलेला खर्चाचा तक्ता. तो विक्रीवाल्यांकडे असतो आणि मागितल्याशिवाय मिळत नाही.
- माणसांची टाइमशीट आणि त्यांचा तासाचा खर्च.
- प्रोजेक्टच्या नावावर टाकलेली खरेदीची बिलं.
- टप्पा मंजूर झाल्याचं ग्राहकाचं सहीचं पत्र किंवा ईमेल.
- फॉर्म २६एएस.

## पायरी १: उत्पन्न काळानुसार धरता येतं का, ते आधी ठरवा

काम लांबलचक आहे एवढ्यावरून उत्पन्न हप्त्याहप्त्याने धरता येत नाही. बघायचं ते हे, की काम होत असताना त्याचा फायदा ग्राहकाकडे जातोय का.

सूचीबद्ध कंपन्या आणि २५० कोटी किंवा त्याहून जास्त नेटवर्थ असलेल्या कंपन्या इंड एएस ११५ पाळतात. हे मानक १ एप्रिल २०१८ पासून लागू आहे. त्यात तीन कसोट्या आहेत आणि एक लागू पडली तरी पुरते. पहिली, काम चालू असतानाच ग्राहक त्याचा लाभ घेत जातो, जसं हाउसकीपिंग किंवा पगारपत्रकाची सेवा. दुसरी, जे तयार होतंय ते तयार होतानाच ग्राहकाच्या ताब्यात असतं. तिसरी, तयार होणारी गोष्ट तुम्हाला दुसऱ्या कुणाला विकता येणार नाही आणि आतापर्यंत झालेल्या कामाचे पैसे मागण्याचा कायदेशीर हक्क तुम्हाला आहे.

आपल्यासारख्या छोट्या कंपनीला एएस ९ लागू होतं. त्यात सेवेसाठी दोन पद्धती आहेत: कामाच्या प्रमाणात उत्पन्न धरणं, किंवा काम पूर्ण झाल्यावर एकदम धरणं. सेवा अनेक कृतींनी मिळून होत असेल तर प्रमाणाची पद्धत येते. शेवटची कृती इतकी महत्त्वाची असेल की ती झाल्याशिवाय सेवा झाली असं म्हणताच येत नाही, तर दुसरी.

आपल्या उदाहरणात सॉफ्टवेअर कारखान्याच्या सर्व्हरवर बसवत नेलं जातंय आणि लिहिलेला कोड त्याच दिवशी त्यांचा होतो असं करारात आहे. म्हणून काळानुसार उत्पन्न धरायला आधार आहे. हेच सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर तयार करून शेवटी सुपूर्द करायचं असतं आणि थोड्या बदलाने ते पाच कारखान्यांना विकता आलं असतं, तर उत्तर बदललं असतं.

एक गोष्ट इथेच वेगळी काढा: पहिल्या वर्षाची मोफत देखभाल. ती याच किमतीत असेल, तर तो एक वेगळा वायदा आहे आणि ६० लाखांतला काही भाग तिच्यासाठी बाजूला ठेवावा लागतो. आपल्या उदाहरणात देखभालीची ऑर्डर वेगळी आहे असं धरू.

## पायरी २: टक्केवारी काढा, पण प्रश्न बरोबर विचारा

सगळ्यात रुळलेली पद्धत खर्चाच्या प्रमाणाची आहे. आतापर्यंतचा खर्च भागिले एकूण अपेक्षित खर्च. ही टक्केवारी किमतीला लावली की आजवरचं एकूण उत्पन्न येतं, आणि त्यातून आधी धरलेलं वजा केलं की या काळाचं. हिशेब नेहमी आरंभापासून आजपर्यंतचा करायचा. फक्त या वर्षाचा खर्च घेऊन फक्त या वर्षाची टक्केवारी काढायला गेलात, की अंदाज बदलल्या दिवशी सगळं कोलमडतं.

प्रोजेक्ट मॅनेजरला "किती टक्के झालं?" असं विचारू नका. उत्तर कायम ऐंशी टक्के येतं, काम निम्म्यावर असलं तरी. त्याऐवजी विचारा, "उरलेल्या कामाला किती माणसं, किती महिने आणि आणखी काय काय विकत घ्यावं लागेल?" या प्रश्नाचं उत्तर द्यायला त्याला कामाची यादी उघडावी लागते. एक्सेलमध्येही एकूण खर्चाचा रकाना हाताने भरू नका, उरलेल्या खर्चाचा ठेवा. `B2` मध्ये कंत्राटाची किंमत, `C2` मध्ये आजवरचा खर्च, `D2` मध्ये उरलेला खर्च आणि `E2` मध्ये आधी धरलेलं उत्पन्न:

```
=B2*C2/(C2+D2)-E2
```

आता ३१ मार्च २०२४ चा हिशेब. खतावणीत प्रोजेक्टच्या नावावर १३,०५,००० रुपये खर्च पडला आहे. थेट हाच आकडा ४५ लाखांनी भागला तर २९ टक्के येतात आणि उत्पन्न १७,४०,०००. पण त्या खर्चात क्लाउडचं पुढच्या सहा महिन्यांचं आगाऊ भाडं १,८०,००० आहे. ते दिलं गेलं असलं तरी वापरलं गेलेलं नाही. ते बाजूला काढलं की उरतात ११,२५,०००, म्हणजे बरोबर २५ टक्के. उत्पन्न १५ लाख. एका बिलामुळे उत्पन्न २,४०,००० रुपयांनी जास्त दिसलं असतं. ते भाडं आगाऊ खर्च म्हणून ताळेबंदात राहील.

खर्चाच्या आकड्यातून अजून दोन गोष्टी वगळाव्या लागतात. पहिली, आपल्याच चुकीमुळे दोनदा केलेलं काम. जुन्या सभासद शेतकऱ्यांची माहिती चुकीच्या रकान्यात भरली गेली आणि टीमने ती पुन्हा भरली, तर तो पगार नफा-तोट्यात खर्च म्हणून जातो, पण टक्केवारीच्या अंशात घेत नाहीत. त्याने ग्राहकाचं काम पुढे सरकलेलं नाही. दुसरी, बाहेरून विकत आणून नुसती ठेवलेली महागडी यंत्रसामग्री. असा सर्व्हर कारखान्यात पोचला पण बसवला नसेल, तर त्याच्या खर्चामुळे टक्केवारी उगाच उडी मारते. इंड एएस ११५ मध्ये अशा वेळी काही अटींवर त्या वस्तूचं उत्पन्न फक्त खर्चाइतकंच, नफ्याशिवाय धरतात.

याउलट, खर्च मोजायचाच राहून गेला तर टक्केवारी कमी येते. मार्चअखेरचं टाइमशीट एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात भरणारी टीम असेल, तर दरवर्षी शेवटच्या महिन्याचे तास सुटतात. पुस्तकं बंद करायच्या आधी एवढं एक तपासा.

## पायरी ३: बिल थेट विक्रीत टाकू नका

बिल गेलं की ते डिफर्ड रेव्हेन्यू या खात्यात जमा करा. हे देण्याचं खातं आहे, कारण ग्राहकाचं काम अजून आपल्यावर आहे. आपण आणि कारखाना दोघेही महाराष्ट्रातले असल्यामुळे जीएसटीचे दोन भाग पडतात.

पहिलं बिल, ऑक्टोबर २०२३:

- साखर कारखाना, नावे: २८,३२,०००
- डिफर्ड रेव्हेन्यू, जमा: २४,००,०००
- सीजीएसटी, जमा: २,१६,०००
- एसजीएसटी, जमा: २,१६,०००

जीएसटी कधीच उत्पन्न नसतो, त्यामुळे तो डिफर्डमध्येही जात नाही. २८,३२,००० पूर्ण डिफर्डमध्ये टाकून बसलेली पुस्तकं मी पाहिली आहेत. ती चूक वर्षाच्या शेवटापर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. सेवेच्या बाबतीत बिल न करता नुसता ॲडव्हान्स घेतला तरी त्यावर जीएसटी त्याच वेळी लागतो आणि पावतीचं व्हाउचर द्यावं लागतं. मालाच्या ॲडव्हान्सवरची सवलत सेवेला नाही. म्हणजे उत्पन्न पुढे ढकललं तरी जीएसटी पुढे ढकलला जात नाही, आणि २४ लाखांवरचा पूर्ण ४,३२,००० कर लगेचच भरायचा आहे.

पैसे आल्यावर, कारखान्याने तांत्रिक सेवा म्हणून दोन टक्के टीडीएस कापला आहे असं धरून:

- बँक, नावे: २७,८४,०००
- टीडीएस येणं, नावे: ४८,०००
- साखर कारखाना, जमा: २८,३२,०००

तुमचं सॉफ्टवेअर बिलासाठी विक्रीचंच खातं मागत असेल, तर "प्रोजेक्ट बिलिंग" नावाचं वेगळं खातं ठेवा आणि महिनाअखेरीस जर्नल एंट्रीने ते रिकामं करून डिफर्डमध्ये न्या. टॅलीत डिफर्ड रेव्हेन्यू `Current Liabilities` खाली आणि पुढे लागणारं अनबिल्ड रेव्हेन्यू `Current Assets` खाली उघडा. दोन्ही खाती प्रत्येक प्रोजेक्टला स्वतंत्र हवीत. सगळ्या प्रोजेक्टचं मिळून एकच खातं ठेवलं, की एकाचं देणं दुसऱ्याच्या येण्यात बुडून जातं.

## पायरी ४: काळाच्या शेवटी उत्पन्नाची एंट्री करा

३१ मार्च २०२४:

- डिफर्ड रेव्हेन्यू, नावे: १५,००,०००
- सेवेचं उत्पन्न, जमा: १५,००,०००

डिफर्डमध्ये ९ लाख उरले. ऑडिटर बोलत होता ते हेच नऊ लाख. वर्षाचा नफा ३,७५,०००.

मी हिशेब वर्षाचा दाखवतोय, पण प्रत्यक्षात ही एंट्री दर महिन्याला, निदान तिमाहीला करा. सगळं मार्चवर टाकलं की अंदाजातली गडबड बारा महिने झाकलेली राहते.

## पायरी ५: अंदाज बदलला की मागे जाऊ नका, आजपासून बदला

दुसऱ्या वर्षी कारखान्याच्या जुन्या नोंदी अपेक्षेपेक्षा जास्त विस्कळीत निघाल्या. ३१ मार्च २०२५ ला आजवरचा खर्च ४० लाख झाला आहे आणि मॅनेजर सांगतो, अजून १० लाख लागतील. म्हणजे एकूण खर्च आता ५० लाख. टक्केवारी ८०, आजवरचं उत्पन्न ४८ लाख, आधीचे १५ वजा जाता या वर्षाचं ३३ लाख.

इथे जुनेच ४५ लाख धरून बसलात तर टक्केवारी ८८.९ येते आणि उत्पन्न ५३ लाख ३३ हजार. म्हणजे खर्च वाढला म्हणून नफा वाढलेला दिसतो! या पद्धतीतला सगळ्यात वाईट सापळा हाच आहे, आणि तो ओळखण्याची खूण सोपी आहे: टक्केवारी जोरात वाढते पण ग्राहकाने मंजूर केलेले टप्पे मात्र तिथेच थांबलेले असतात.

मागच्या वर्षीचे १५ लाख चुकले म्हणून ते सुधारायचे नाहीत. त्या वेळच्या माहितीवर तो अंदाज बरोबर होता. बदलाचा सगळा परिणाम चालू वर्षात येतो, आणि एकूण हिशेबाच्या पद्धतीमुळे तो आपोआप येतो. मात्र ४५ चे ५० का झाले याचं अर्ध्या पानाचं टिपण मॅनेजरच्या सहीनिशी फाइलला लावा. ऑडिटर पहिल्यांदा तेच मागतो.

दरम्यान डिसेंबर २०२४ मध्ये २१ लाखांचं दुसरं बिल गेलं होतं:

- साखर कारखाना, नावे: २४,७८,०००
- डिफर्ड रेव्हेन्यू, जमा: २१,००,०००
- सीजीएसटी, जमा: १,८९,०००
- एसजीएसटी, जमा: १,८९,०००

आधीचे ९ आणि हे २१ मिळून डिफर्डमध्ये ३० लाख आहेत. धरायचं आहे ३३. वरचे तीन लाख कमावले आहेत पण बिल व्हायचं आहे:

- डिफर्ड रेव्हेन्यू, नावे: ३०,००,०००
- अनबिल्ड रेव्हेन्यू, नावे: ३,००,०००
- सेवेचं उत्पन्न, जमा: ३३,००,०००

मागच्या मार्चला देणं होतं, या मार्चला येणं आहे. एकाच प्रोजेक्टला दोन्ही खात्यांत एकाच वेळी शिल्लक दिसली, तर एंट्री चुकली आहे असं समजा.

वाढीव कामाबद्दल एक सावधगिरी. कारखान्याचे चेअरमन बैठकीत म्हणाले, "अजून चार रिपोर्ट करून द्या, बघू पैशाचं." त्या रिपोर्टांचा खर्च उरलेल्या खर्चात लगेच येतो. किंमत मात्र मंजुरी हातात आल्याशिवाय ६० लाखांत मिळवू नका.

## पायरी ६: तोटा दिसला तर तो पूर्ण धरा

समजा त्या मार्चला मॅनेजरने १० ऐवजी २४ लाख अजून लागतील असं सांगितलं असतं. एकूण खर्च ६४ लाख, किंमत ६०. चार लाखांचा तोटा ठरलेला. टक्केवारी ६२.५, आजवरचं उत्पन्न साडेसदतीस लाख, खर्च ४० लाख, म्हणजे आजवरचा तोटा अडीच लाख. उरलेल्या दीड लाखांसाठी तरतूद याच वर्षी करायची. नफा कामाच्या प्रमाणात येतो, पण तोटा कळला की सगळाच्या सगळा लगेच पुस्तकात येतो.

मागच्या वर्षी आपण पावणेचार लाख नफा दाखवलेला असल्यामुळे या एका वर्षात पावणेआठ लाखांचा तोटा दिसेल. मालकांना हे आधी सांगून ठेवा, ताळेबंदाच्या दिवशी नको.

आयकरात मात्र ही तरतूद चालत नाही. तिथे तोटाही कामाच्या प्रमाणातच मिळतो. त्यामुळे पुस्तकी नफा आणि करपात्र उत्पन्न वेगळं निघतं.

## पायरी ७: आयकर आणि २६एएस जुळवा

१९६१ च्या आयकर कायद्यात कलम ४३सीबी सेवा-कंत्राटांनाही पूर्णतेच्या टक्केवारीची पद्धत लावतं. अपवाद दोन: ९० दिवसांपर्यंतचं कंत्राट काम संपल्यावर धरता येतं, आणि ठरावीक काळात मोजता न येणाऱ्या कृती असतील तर उत्पन्न सरळ रेषेत, म्हणजे दर महिन्याला सारखं धरतात. आपली देखभालीची वेगळी ऑर्डर या दुसऱ्या प्रकारात बसते. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू असल्यामुळे त्यापुढच्या वर्षांसाठी कलमांचे क्रमांक नव्या कायद्यातले बघा.

गोंधळ होतो तो टीडीएसमध्ये. पहिल्या वर्षी २६एएस मध्ये २४ लाख आणि ४८,००० टीडीएस दिसतो. विवरणपत्रात उत्पन्न आहे १५ लाख. टीडीएसचं क्रेडिट त्या त्या वर्षी करपात्र होणाऱ्या उत्पन्नाच्या प्रमाणात मिळतं, म्हणून पहिल्या वर्षी ३०,००० मागायचे आणि १८,००० विवरणपत्राच्या टीडीएस तक्त्यात पुढे न्यायचे. सगळे ४८,००० पहिल्याच वर्षी मागितले, की क्रेडिट आणि उत्पन्न जुळत नाही म्हणून नोटीस येण्याची वाट मोकळी होते. दुसऱ्या वर्षी हे १८,००० आणि नव्या बिलाचे ४२,००० असे ६०,००० मिळतात. अनबिल्ड तीन लाखांवर अजून कापणीच झालेली नाही, त्यांचा टीडीएस तिसऱ्या वर्षी येतो.

जीएसटीच्या विवरणपत्रांतही उलाढाल बिलांप्रमाणे असते आणि पुस्तकात कामाप्रमाणे. आपल्या प्रोजेक्टपुरता पहिल्या वर्षी फरक ९ लाखांचा आहे. वार्षिक ताळमेळाला बसताना हा फरक डिफर्ड आणि अनबिल्डच्या सुरुवातीच्या व शेवटच्या शिलकींनी पूर्ण सुटला पाहिजे. सुटत नसेल तर एखादं बिल थेट विक्रीत गेलेलं असतं.

## पायरी ८: प्रोजेक्ट बंद करताना

सप्टेंबर २०२५ मध्ये काम ताब्यात दिलं, एकूण खर्च ५० लाखांवरच राहिला. शेवटचं बिल १५ लाखांचं:

- साखर कारखाना, नावे: १७,७०,०००
- अनबिल्ड रेव्हेन्यू, जमा: ३,००,०००
- डिफर्ड रेव्हेन्यू, जमा: १२,००,०००
- सीजीएसटी, जमा: १,३५,०००
- एसजीएसटी, जमा: १,३५,०००

आणि त्याच महिन्यात डिफर्ड नावे १२ लाख, सेवेचं उत्पन्न जमा १२ लाख.

आता खतावणी उघडून बघा. डिफर्ड शून्य, अनबिल्ड शून्य, तीन वर्षांचं उत्पन्न १५ अधिक ३३ अधिक १२ म्हणजे ६० लाख, नफा १० लाख, आणि मागितलेला टीडीएस ३०, ६० व ३० हजार मिळून १,२०,०००, म्हणजे ६० लाखांचे दोन टक्के. यातला एक जरी आकडा जुळला नाही तर प्रोजेक्ट बंद करू नका. ताब्यात दिल्यानंतर येणारा किरकोळ दुरुस्तीचा खर्च बहुधा तेव्हाच आठवतो, आणि त्याची तरतूद सप्टेंबरच्या हिशेबातच करायची असते.